गडचिरोलीच्या वर्तुळाबद्दल: ग्राहकाच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

★★ "संस्थेच्या अहवालासाठी महाराष्ट्राच्या जिल्हावार लोकसंख्येचा नकाशा करून घेतला. ठिपक्यांचा हवा असं सांगितलं होतं, हातात आली वर्तुळं. मुंबईकडे वर्तुळांची नुसती गर्दी, आणि आमचा एवढा मोठा गडचिरोली जिल्हा एका बटणाएवढा! आकार चुकलेत असंच वाटतं. रुग्णसंख्येचा नकाशा यांच्याकडून करून घ्यायचा की नाही, विचार करावा लागेल."

नमस्कार मॅडम,

अभिप्राय वाचल्यावर तुमच्या नकाशाची फाइल उघडून पुन्हा मोजमापं घेतली. तुमची शंका अर्धी खरी निघाली, म्हणून आधी आमच्या चुकीबद्दल लिहितो.

२०११ च्या जनगणनेत गडचिरोलीची लोकसंख्या १०,७२,९४२ आहे आणि ठाण्याची १,१०,६०,१४८. (पालघर २०१४ मध्ये वेगळा झाला, त्यामुळे या आकड्यात तोही आहे.) म्हणजे ठाणे सुमारे १०.३ पट. वर्तुळाचं क्षेत्रफळ लोकसंख्येच्या प्रमाणात ठेवायचं तर व्यास वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, १०.३ चं वर्गमूळ सुमारे ३.२. ठाण्याचा व्यास ३२ मिलिमीटर असेल तर गडचिरोलीचा १० हवा. तुमच्या नकाशावर तो ८.४ आहे.

कारण सापडलं. QGIS या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्तुळांचे आकार ठरवताना `Surface` ऐवजी `Flannery` ही पद्धत निवडलेली राहिली होती. माणसाचा डोळा मोठं वर्तुळ असतं त्यापेक्षा लहान समजतो, असं नकाशांचे अभ्यासक जेम्स फ्लॅनरी यांनी वाचकांवर प्रयोग करून दाखवलं होतं. त्यावर उपाय म्हणून या पद्धतीत वर्गमुळाच्या ०.५ या घाताऐवजी सुमारे ०.५७ घेतात, म्हणजे मोठी वर्तुळं मुद्दाम थोडी जास्त फुगवतात. पद्धत मान्यताप्राप्त आहे. पण ती वापरली तर नकाशावर तसं लिहायला हवं, आणि आम्ही लिहिलं नाही. परिणामी ठाण्याशी तुलना करता गडचिरोलीचं वर्तुळ क्षेत्रफळाने जवळपास ३० टक्के लहान पडलं. तुमच्या नजरेला खटकलं ते बरोबर होतं. माफ करा.

वर्तुळांचे आकार समजावणाऱ्या सूचीतही कमतरता होती. एकच नमुना वर्तुळ दिलं होतं, ते पुरत नाही. ५ लाख, २५ लाख आणि १ कोटी अशी तीन वर्तुळं एकात एक, तळाशी टेकवून दाखवली की वाचक नकाशातलं वर्तुळ त्यांच्याशी ताडून पाहतो आणि डोळ्याच्या फसगतीवर तेवढाच इलाज पुरतो. म्हणून नवीन प्रतीत मी साधं क्षेत्रफळाचंच प्रमाण ठेवलं आहे. तुम्ही पट्टीने तपासू शकता: दोन जिल्ह्यांचे व्यास मोजा, मोठ्याला लहानाने भागा, उत्तराचा वर्ग करा. तो लोकसंख्येच्या गुणोत्तराशी जुळला पाहिजे.

मात्र गडचिरोली 'एवढा मोठा' असूनही वर्तुळ लहान, ही चूक नाही. वर्तुळं काढायची ती त्यासाठीच. गडचिरोलीचं क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आहे आणि मुंबई उपनगर जिल्ह्याचं ४४६, पण उपनगरात माणसं ९३,५६,९६२. याच संख्यांनुसार जिल्हे रंगवले असते तर उपनगराचा गडद रंग नखाएवढ्या जागेत अडकला असता आणि विदर्भातल्या विस्तीर्ण जिल्ह्यांचे रंग सगळी नजर खेचून घेऊन गेले असते. वर्तुळ जमिनीचा आकार बाजूला ठेवतं आणि माणसं मोजतं.

मुंबईकडच्या गर्दीबद्दलची तक्रार रास्त आहे. शहर आणि उपनगर यांचे मध्यबिंदू या नकाशावर जेमतेम १० मिलिमीटर दूर, त्यामुळे शहराचं वर्तुळ बरंचसं उपनगराच्या वर्तुळाखाली गेलं. आता ही दोन्ही वर्तुळं अरबी समुद्रात सरकवून बारीक रेघेने आपापल्या जिल्ह्याला जोडली आहेत, आणि इतर ठिकाणी मोठं वर्तुळ खाली, लहान वर असा क्रम लावला आहे.

आता ठिपक्यांबद्दल. तुम्ही ते मागितले होते हे खरं, आणि न विचारता बदल केला ही आमची आगळीक. ठिपके का जमले नाहीत ते तेव्हाच सांगायला हवं होतं. तुमचा नकाशा ए२ कागदावर साधारण १:२०,००,००० प्रमाणाचा आहे, त्यात अख्ख्या मुंबई उपनगराला जागा मिळते ११२ चौरस मिलिमीटर. एक ठिपका म्हणजे १० हजार माणसं धरली तर तिथे ९३६ ठिपके बसवावे लागतात. अर्ध्या मिलिमीटरचा एक ठिपका सुमारे ०.२ चौरस मिलिमीटर जागा घेतो, म्हणजे ९३६ ठिपक्यांना १८४ लागतात. जागेपेक्षा शाई जास्त! तिथे काळा डाग उमटतो आणि डागातून संख्या वाचता येत नाही. ठिपका १ लाखाचा केला तर उपनगर सुटसुटीत होतं, पण गडचिरोलीला उरतात ११ ठिपके आणि भामरागड तालुक्याच्या वाट्याला एकही येत नाही. मुंबई आणि गडचिरोली दोघांनाही न्याय देईल असा आकडा त्या कागदावर मला सापडला नाही.

दुसरी अडचण मला जास्त गंभीर वाटते. जिल्ह्याची एकच संख्या हातात असताना संगणक ठिपके हद्दीच्या आत कुठेही टाकतो. १८३० साली फ्रेर द मोंतिझों यांनी फ्रान्सचा असा नकाशा काढला, तोही दर ठिपक्याला १० हजार माणसांचा, आणि ठिपके प्रत्येक विभागात सारखे पसरलेले. गडचिरोलीत तसं केलं तर दाट जंगलात वस्ती दिसेल, आणि योगायोगाने जवळ पडलेले ठिपके गाव वाटतील. ठिपका पाहिला की वाचक 'इथे' असं वाचतो. म्हणून 'इथे' म्हणण्याइतकी माहिती हातात असेल तरच तो टाकावा.

रुग्णसंख्येच्या नकाशात तर हे फारच जपायला हवं. तुमच्याकडे आकडे प्राथमिक आरोग्य केंद्रानुसार आहेत. ते विखरून ठिपके केले तर प्रत्येक ठिपका रुग्णाचं घर वाटेल, कुणीतरी त्यावरून फवारणीचा पाडा ठरवेल. तिथे केंद्रावरच वर्तुळ ठेवा, आणि शेजारी हजार लोकसंख्येमागे किती रुग्ण हा आकडा छापा, कारण मोठ्या केंद्राचं वर्तुळ निव्वळ माणसं जास्त म्हणूनही मोठं दिसतं.

तुम्हाला ठिपके हवे होते ते गडचिरोलीत माणसं कुठे राहतात हे दाखवायला, असं मी समजतो. त्यासाठी फक्त गडचिरोलीचा वेगळा नकाशा करतो आहे: ए३ कागदावर, पण १:७,५०,००० प्रमाणात, एक ठिपका १ हजार माणसांचा, म्हणजे सुमारे १,०७३ ठिपके. आधार जनगणनेतल्या गावनिहाय लोकसंख्येचा. शेजारची लहान गावं एकत्र करून हजार भरले की ठिपका त्यातल्या मोठ्या गावाजवळ पडेल, जंगलात पडणार नाही. ही जुळवणी कशी केली तेही सूचीखाली एका ओळीत छापू.

दोन्ही नकाशांचे पैसे लागणार नाहीत. सुधारलेल्या वर्तुळांच्या नकाशाची कच्ची प्रत आजच ईमेलने पाठवली आहे. ठिपक्यांच्या नकाशासाठी मात्र तुमची मदत लागेल: आम्ही एकत्र केलेल्या गावांची यादी सोबत जोडली आहे. तुमचे कार्यकर्ते त्या भागात रोज फिरतात, नदी-ओढ्यामुळे एकमेकांपासून तुटलेली गावं आम्ही चुकून एका ठिपक्यात घातली असतील तर त्यावर खूण करून पाठवा.