खुलासा : कामाची प्रगती कळवणाऱ्या इंग्रजी ईमेलमधील ‘हॅव’ आणि साधा भूतकाळ

गटांत पुढे पाठवल्या जाणाऱ्या एका संदेशात इंग्रजी ईमेलबद्दल असा नियम दिला आहे : “काम पूर्ण झाले असेल तर ईमेलमध्ये नेहमी हॅव किंवा हॅज लावा, रिकाम्या जागा भरा या प्रश्नातही तेच उत्तर बरोबर.”

हा नियम अर्धाच खरा आहे. संपलेली वेळ सांगितली असेल, तर इंग्रजीत साधा भूतकाळच लागतो. ‘वी ___ द टेस्टिंग ऑन मंडे, बट द क्लायंट ___ द रिपोर्ट येट’ हे वाक्य घ्या. पहिल्या जागी ‘ऑन मंडे’मुळे ‘फिनिश्ड’ येते, ‘हॅव फिनिश्ड’ चूक ठरते; दुसऱ्या जागी मंजुरी अजून बाकी असल्याचे ‘येट’ सांगते, म्हणून ‘हॅजन्ट अप्रूव्ड’ येते.

आपली गफलत बहुधा मराठीतून होते. ‘मी काल रिपोर्ट पाठवला आहे’ हे आपल्याकडे अगदी शुद्ध वाक्य आहे, पण त्यावरून केलेले ‘आय हॅव सेंट द रिपोर्ट यस्टरडे’ हे चालत नाही. ‘यस्टरडे’ काढा किंवा ‘हॅव’ काढा.

‘धिस मॉर्निंग’ मात्र जपून वाचावे. ईमेल सकाळीच लिहिला असेल तर ‘हॅव’ चालते, दुपारी लिहिला असेल तर साधा भूतकाळ. त्यामुळे ईमेलवरील वेळही पाहावी लागते. कधी कधी वेळ आधीच्या वाक्यात दडलेली असते, म्हणून पूर्ण परिच्छेद वाचूनच जागा भरावी. अमेरिकन इंग्रजीत ‘येट’ आणि ‘ऑलरेडी’सोबत साधा भूतकाळही ऐकू येतो, पण ‘यस्टरडे’सोबत ‘हॅव’ तिथेही चुकीचेच आहे.

तो संदेश कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असल्यास त्याच गटात ही दुरुस्तीही टाका.