येस बँकेच्या चार्टवर ॲव्हरेजिंगचा हिशेब

"शेअर पडला म्हणून घाबरू नका, प्रत्येक घसरणीत थोडा थोडा घेत राहा. सरासरी खाली आली की एक छोटी उसळी पुरते. आणि विकेपर्यंत तोटा हा तोटा नसतोच, तो फक्त कागदावर असतो."

ॲव्हरेजिंगच्या या सल्ल्यात आधी उसळीचं बघू, कारण सगळी मदार तिच्यावर आहे. येस बँक ऑगस्ट 2018 मध्ये 400 रुपयांच्या आसपास होती. समजा, कुणी थोडं खाली आल्यावर 350 ला 100 शेअर घेतले. सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने बँकेचे प्रमुख राणा कपूर यांची मुदत जानेवारी 2019 पर्यंतच ठेवली आणि 21 सप्टेंबरला शेअर एका दिवसात साधारण 318 वरून 226 वर आला. आपल्या माणसाने तिथे आणखी 100 घेतले. सरासरी 350 ची 288 झाली. बरं वाटतं, कारण आता सुटायला 55 नाही, 27 टक्केच वाढ हवी.

पण रुपयांत तोटा तेवढाच राहिला: 12,400. फरक इतकाच, की आधी शेअर एक रुपया पडला की खिशातून 100 जायचे, आता 200 जातात. सरासरी हा आकडा फक्त आपल्या डिमॅटमध्ये असतो. बाजाराला तुमची खरेदी 350 ची की 288 ची, याच्याशी काही घेणंदेणं नाही.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर ती उसळी खरंच आली होती. नोव्हेंबर 2018 मध्ये शेअर 150 च्या घरात गेला आणि मार्च 2019 अखेर 270 च्या वर चढला. नोव्हेंबरच्या तळात घेणारे नफ्यात होते. मला वाटतं, सगळ्यात जास्त नुकसान या उसळीनेच केलं, कारण 'ॲव्हरेज केलं की सुटका होते' हे लोकांना अनुभवाने पटलं.

चार्ट मात्र वेगळं सांगत होता. सप्टेंबरच्या गॅपचा, म्हणजे भाव मधले आकडे न घेता थेट खाली उघडल्याने पडलेल्या मोकळ्या जागेचा, वरचा काठ होता 318. एप्रिलच्या सुरुवातीला शेअर 285 च्या आसपास थकला आणि तो काठ न गाठताच माघारी फिरला. म्हणजे 400 नंतरचं शिखर बरंच खाली. तिथून पुढे बघायची एकच रेघ होती, नोव्हेंबरचा तळ. तो टिकला तर बोलू, तुटला तर बाहेर.

शुक्रवारी 26 एप्रिलला बाजार बंद झाल्यावर बँकेने पहिलाच तिमाही तोटा जाहीर केला. सोमवारी मुंबईत मतदान, बाजार बंद. मंगळवारी शेअर 237 वरून 168 वर. मे महिन्यात नोव्हेंबरचा तळही तुटला. 145 ला विकणाऱ्याचे 350 च्या 100 शेअरवर 20,500 गेले असते. दुखतं, पण हिशेब तिथे संपतो.

आपला माणूस घेत राहिला: 168 ला 200, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला 60 च्या आसपास 400. एकूण 800 शेअर, सरासरी 144. सरासरी निम्म्याहून खाली आली आणि गुंतलेली रक्कम 35,000 वरून 1,15,200 झाली.

'कागदावरचा तोटा' या शब्दांचं उत्तर मार्च 2020 ने दिलं. 5 तारखेला बँकेवर निर्बंध आले, दुसऱ्या दिवशी शेअर सहा रुपयांच्याही खाली जाऊन आला. मग पुनर्रचनेच्या योजनेत ज्यांच्याकडे 100 किंवा जास्त शेअर होते त्यांचे 75 टक्के शेअर तीन वर्षांसाठी गोठवले गेले. आणि गंमत बघा, त्याच महिन्यात शेअर उसळून 80 च्या पुढे गेला. आपल्या माणसाचे 800 पैकी 600 कुलपात. उरलेले 200 विकायची मुभा होती, पण 144 तिथूनही लांबच होते. जुलैमध्ये बँकेने नवे शेअर 12 रुपयांना विकले. त्या भावाने 800 शेअरचे 9,600 रुपये होतात.

राहिला 'प्रत्येक घसरणीत' हा शब्द. निफ्टीच्या इंडेक्स फंडात दरमहा घेत राहणं वेगळं. तिथे कमकुवत झालेली कंपनी काढून दुसरी येते. येस बँकही मार्च 2020 मध्ये निफ्टीतून काढली गेली. एकट्या शेअरला अशी बदली नसते. त्यात भर घालायचीच असेल तर मधलं शिखर ओलांडल्यावर, इथे दिवसाचा बंद भाव 285 च्या वर आल्यावर. भाव जास्त पडतो, पण तेव्हा निदान कल बदलल्याचा काही पुरावा असतो.

स्टॉप-लॉसची, म्हणजे ठरलेल्या भावाखाली गेलं की आपोआप विकायच्या ऑर्डरचीही मर्यादा आहे. 30 एप्रिलला 225 चा स्टॉप लावला असता तर 225 मिळाले नसते, कारण गॅपमध्ये मधले भाव लागतच नाहीत. म्हणून तिमाही निकालाच्या आदल्या दिवशी ठरवायचं ते किती शेअर ठेवायचे, स्टॉप कुठे लावायचा हे नंतर.