टाळूचे साप्ताहिक वेळापत्रक

माझ्या विरळ होत चाललेल्या केसांवर त्वचारोगतज्ज्ञांनी तीन उपाय लिहून दिले: पाच टक्क्यांचे मिनॉक्सिडिल सकाळी आणि रात्री एकेक मिलिलिटर, दोन टक्के किटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, आणि अर्ध्या मिलिमीटरच्या सुयांचा रोलर आठवड्यातून एकदा. हे तिन्ही रविवारी एकदमच उरकून टाकावे, असा शहाणपणाचा विचार मी केला. शाम्पू झाला, रोलर फिरला आणि त्या ताज्या टोचलेल्या टाळूवर मी मिनॉक्सिडिल ओतले. पुढच्या मिनिटाला डोक्यावर कोणी ठेचा चोळला असावा, अशी आग उठली.

बुधवारी कोंड्यासारखे पापुद्रे सुटू लागले, म्हणून मी शाम्पू रोज लावू लागलो आणि पापुद्रे वाढतच गेले. "तो कोंडा नाही, चिडलेली त्वचा आहे," डॉक्टर म्हणाले. कोंडा बहुधा तेलकट, पिवळसर असतो; माझे पापुद्रे कोरडे होते, खालची त्वचा लाल होती आणि औषध लावताच चुरचुरत होती. द्रावणातील प्रोपिलीन ग्लायकॉल काहींना सोसत नाही, तेव्हा पुन्हा असेच झाले तर फोम देऊ, असे सांगून त्यांनी लाली पूर्ण जाईपर्यंत सगळे बंद ठेवले आणि मग एकेक उपाय सुरू करायला लावला.

आता रोलर रविवारी रात्री नऊला, साध्या पाण्याने धुऊन कोरड्या केलेल्या टाळूवर फिरतो आणि त्यानंतर चोवीस तास मिनॉक्सिडिलला सुट्टी असते. मुंबईतील डॉक्टरांनी 2013 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही सुया टोचल्यावर हेच अंतर ठेवले होते. तिथल्या सुया मात्र दीड मिलिमीटरच्या होत्या, त्या घरी घेऊन बसण्याचे धाडस माझ्यात नाही. शाम्पू बुधवारी आणि शनिवारी, म्हणजे सुयांपासून दूर, पाच मिनिटे ठेवून धुवायचा. रविवार रात्र आणि सोमवार सकाळ हे दोन डोस सोडले तर आठवड्याचे बारा उरतात. त्यांतला एखादा चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट लावायचा नाही, नेहमीचाच लावायचा.

हा हिशेब मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, डोस लावताच बरोबरची खूण करून ठेवतो. सुट्टीच्या दोन डोसांना शून्य घालतो, नाहीतर सोमवारी सकाळी आपण विसरलो असे वाटून हात बाटलीकडे जातो. परवा बायको कॅलेंडरसमोर उभी राहून म्हणाली, "अहो, दूधवाल्याला या महिन्याचे पैसे देताना तुमचे सगळे डोससुद्धा मी जादा अर्धा लिटर म्हणून मोजले!"