मिटवून टाका म्हणता, मग गडगा कोण बांधणार?

वाडीत कुणी कुणाचं काही मोडलं की दोन प्रकारची माणसं लगेच उभी राहतात. एक म्हणतात, "कोर्टात खेच त्याला." दुसरे म्हणतात, "घरातलीच माणसं, मिटवून टाका." दोघांचाही सल्ला फुकट असतो, आणि दोघांनाही मोडलेल्या गडग्याशी काही देणंघेणं नसतं. त्यातही जास्त संताप येतो तो दुसऱ्यांचा. कारण हल्ली ते देवळात दोघांना बसवतात, नारळ ठेवतात, हस्तांदोलन करायला लावतात आणि वर सांगतात की हाच तो 'पुनर्स्थापक न्याय', परदेशात चालतो तो! अरे, याला मिटवामिटवी म्हणतात. रिस्टोरेटिव्ह कॉन्फरन्स, म्हणजे मोडणारा आणि ज्याचं मोडलं तो समोरासमोर बसून भरपाई ठरवतात ती बैठक, ही वेगळी गोष्ट आहे, तिला पायऱ्या आहेत, आणि त्या गाळल्या की खटल्यापेक्षा वाईट हाल होतात.

नेहमीचंच भांडण घ्या. दोन शेजारी, मध्ये चिऱ्याचा गडगा, पायवाटेवरून कुरबूर. जानेवारीतल्या एका रात्री शेजारच्या काकांचा वीस वर्षांचा पुतण्या दोन मित्रांना घेऊन येतो, बारा फूट गडगा पाडतो, पुढच्या भिंतीवर डांबर फासतो आणि पाच वर्षं वाढवलेली हापूसची तीन कलमं बुंध्यात तोडतो. हिशेब करू. साठ चिरे, पंचेचाळीस रुपयांनी 2,700. गवंडी दोन दिवस 1,800, हाताखाली गडी दोन दिवस 1,200. डांबर खरवडून भिंत रंगवायला 3,300. झाले 9,000. कलमं रोपवाटिकेच्या भावाने धरली तर तीनांचे 450, म्हणजे एकूण 9,450. पण पाच वर्षांची वाढ, शिंपण, खत धरून एका कलमाचे 4,000 लावले तर एकूण 21,000 होतात.

हा फरक किरकोळ नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 324 मध्ये साध्या आगळिकीला, म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेच्या मुद्दाम केलेल्या नुकसानीला, सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. नुकसान 20,000 किंवा जास्त, पण लाखाच्या आत असेल तर दोन वर्षांपर्यंत. म्हणजे कलमांची किंमत रोपवाटिकेची धरायची की बागेची, यावर पोटकलम बदलतं. आणि तक्रार लिहिताना बहुतेक जण काय लिहितात? "झाडे तोडली, अंदाजे नुकसान रु. 5,000." कशाचे पाच हजार, कुणी मोजले? काही नाही.

आता कोर्टवाल्यांचं बघू. साधी आगळीक अदखलपात्र. ठाण्यात एनसी नोंदवतात, तिची प्रत हातात देतात आणि सांगतात कोर्टात जा. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपासच करू शकत नाहीत, तो त्यांचा आळस नसतो, कायदाच तसा आहे. मग खासगी तक्रार, जबाब, समन्स, तारखा. आरोपीचा वकील पहिल्याच दिवशी त्याला सांगतो, "काही कबूल करायचं नाही." तो बरोबरच सांगतो! स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही, हा राज्यघटनेच्या अनुच्छेद 20 मधला हक्क आहे. पण याचा अर्थ असा की, ज्या पोराला दुसऱ्या दिवशी सकाळी लाज वाटत होती, त्याला ती लाज दोन-तीन वर्षं गिळून बसायला आपण पैसे देऊन शिकवतो. साक्षीला यायचं वाडीतल्यांनी, ज्यांना दोन्ही घरच्या गणपतीला जायचंय. ते कोर्टात उभे राहून म्हणणार, "काळोख होता, चेहरा दिसला नाही." आणि एवढं करून शिक्षा झालीच, तर बहुधा दंड, आणि तो सरकारजमा. न्यायालयाने वेगळा आदेश केला तरच त्यातून भरपाई मिळते. गडगा? तो तसाच पडलेला. खटल्याला फक्त तीन प्रश्न पडतात: कायदा कोणता मोडला, कुणी मोडला, त्याला शिक्षा किती. गडगा कुणी बांधायचा हा प्रश्न त्याच्या यादीतच नाही, म्हणून त्याच्याकडून ते उत्तर मागण्यात अर्थ नाही.

पण याचा अर्थ देवळात नारळ ठेवा असा होत नाही हो! महाराष्ट्रात 2007 साली तंटामुक्त गाव मोहीम आली, हेतू चांगला होता. पण गावाला बक्षीस मिळणार ते गुणांवर, आणि त्यात तंटे किती मिटले हेही धरलेलं. एकदा गुण मिटवण्याला लागले की मिटलेलं दाखवायची घाई होतेच. ज्याचं नुकसान झालंय त्याच्यावरच दबाव येतो, "तू जरा मोठ्या मनाने घे." म्हणजे गडगा पण त्याचाच पडला आणि मन पण त्यानेच मोठं करायचं.

कॉन्फरन्सचं मूळ बघा. 1974 साली कॅनडात ऑन्टारियोतल्या एल्मायरा गावात दोन तरुणांनी एका रात्रीत 22 ठिकाणी मोडतोड केली. टायर फाडले, काचा फोडल्या. प्रोबेशन अधिकारी मार्क यान्ट्झी यांच्या सूचनेवरून न्यायाधीशांनी त्या दोघांना नुकसान झालेल्यांच्या दारोदार पाठवलं. त्यांनी स्वतः ऐकलं कुणाचं काय गेलं, आणि काही महिन्यांत भरपाई दिली. म्हणजे या सगळ्या पद्धतीचा उगमच शेजारपाजारच्या मोडतोडीत आहे. पुढे न्यूझीलंडने 1989 च्या कायद्यात मुलांच्या गुन्ह्यांसाठी कुटुंबाची बैठक आणली, आणि 1991 पासून ऑस्ट्रेलियातल्या वाग्गा वाग्गा शहरात पोलीस सार्जंट टेरी ओकॉनेल यांनी ठरावीक प्रश्नांच्या क्रमाने बैठका घेतल्या. तो क्रमच सगळ्यात महत्त्वाचा, आणि आपल्याकडे सर्वात आधी तोच उडवतात.

पहिली अट: त्या पोराने "होय, मी पाडला" हे आधीच मान्य केलेलं हवं. तो नाकारत असेल तर बैठक नाही, सरळ कोर्ट. केलं कुणी हे ठरवायला बसायचं असेल तर ते पंचायतीतलं भांडण, कॉन्फरन्स नव्हे. दुसरी: बैठक चालवणाऱ्याने दोन्ही बाजूंना आधी वेगवेगळं, निवांत तासभर भेटायचं. कोण बोलेल, कोण भडकेल, ज्याचं नुकसान झालंय त्याला खरंच समोर बसायचंय का. नको असेल तर विषय संपला, त्याला भरीस घालायचं नाही. हे न करता थेट सगळ्यांना बोलावणारे गावचे पुढारी बघितले की डोकं फिरतं. शिवाय चालवणारा सरपंच किंवा भाऊबंद नको, त्याला पुढच्या निवडणुकीची मतं मोजायची असतात.

बैठकीत प्रत्येक बाजूने तीन ते पाच माणसं. अख्खी वाडी नको, ती तमाशा बघायला येते. मध्ये टेबल नाही, गोल बसायचं. आधी पोरगा बोलतो: काय झालं, तेव्हा डोक्यात काय होतं, नंतर काय वाटलं, कुणाला काय भोगावं लागलं. मग ज्याचा गडगा पडला तो, मग त्याच्या घरचे, शेवटी पोराच्या घरचे. पुतण्याच्या आईच्या तोंडून "आता मला विहिरीवर जाताना मान वर करता येत नाही" हे वाक्य येतं ते इथेच, आणि ते न्यायाधीशाने सुनावलेल्या कुठल्याही उपदेशापेक्षा जास्त लागतं. मधे कुणी शहाण्याने "अरे, आमच्या वेळी..." सुरू केलं की त्याला थांबवायचं. एवढं झाल्यावरच विचारायचं: आता काय केलं म्हणजे ठीक होईल? आणि हे पहिल्यांदा नुकसान झालेल्याला विचारायचं.

मग करार. "यापुढे असे करणार नाही" हा करार नाही, तो कागदाचा अपमान आहे. आपल्या उदाहरणात असा लिहायचा: पोरगा दोन दिवस गवंड्याच्या हाताखाली स्वतः गडी म्हणून राबेल, म्हणजे 1,200 वाचले. उरलेले 7,800 तो पुढच्या तीन महिन्यांच्या पाच तारखेला 2,600 प्रमाणे देईल. गडगा 31 मेपूर्वी उभा. ही तारीख उगाच नाही, पावसात चिऱ्याच्या खाणी बंद होतात, जूनमध्ये चिरे आणणार कुठून? पहिल्या पावसानंतर तीन कलमं लावेल आणि पुढचे दोन उन्हाळे शिंपेल. गेलेली पाच वर्षं यातून परत येत नाहीत, तेवढं नुकसान मालकाच्या पदरी राहतंच, आणि ते झाकू नये. तपासणार कोण, दोन्ही बाजूंचं एकेक नाव कागदावर हवं. बैठकीचा मुहूर्त शिमगा: मुंबईचे चाकरमानी घरी असतात, दोन्हीकडचे कर्ते एकदम सापडतात.

आता जिथे लोक हमखास फसतात ते. सहा महिन्यांच्या शिक्षेच्या गुन्ह्याची तक्रार एका वर्षाच्या आत दाखल व्हावी लागते. बैठकीच्या नादात, पुढच्या गणपतीला बघू, दिवाळीत बघू करत जानेवारी उलटला की हातात काही उरत नाही, आणि समोरच्याला ते पक्कं ठाऊक असतं. म्हणून तक्रार आधी ठोका, बैठक नंतर. दुसरं, पंचांसमोरची कबुली उद्या कोर्टात न्यायबाह्य कबुली म्हणून पुढे येऊ शकते, म्हणून करारात "मी पाडला" लिहायचं नाही, "मी बांधून देईन" एवढंच लिहायचं. हे पोराच्या बाजूने सांगावंच लागतं, नाहीतर त्याचा वकील त्याला बैठकीला पाठवणारच नाही.

आणि तिसरं, ज्यावर सगळ्यात जास्त रक्त आटतं. खासगी माणसाचंच नुकसान झालं असेल तर हा गुन्हा आपसात मिटवता येतो, पण कोर्टात तडजोड नोंदली की तिचा परिणाम निर्दोष सुटल्यासारखाच. परत उघडता येत नाही. तरी लोक हस्तांदोलन झालं, चहा झाला की त्याच आठवड्यात कोर्टात जाऊन सही करतात. गडगा अजून बांधलेला नाही, पहिला हप्ता आलेला नाही, आणि तक्रार मात्र गेली. सही शेवटच्या चिऱ्यानंतर आणि शेवटच्या हप्त्यानंतर करायची. कलमं शिंपायचे दोन उन्हाळे मात्र त्यानंतरचे, तिथे मग कागद कामाचा नाही, पोराची आई आणि शेजारची विहीर, एवढंच.