हितोत्सु-फुतात्सुवर सगळं भागतं? दहापर्यंत भागतं, तेही वस्तूंचंच

"जपानीतले काउंटर, म्हणजे मोजताना आकड्याला जोडायचे शब्द, पाठ करत बसू नका. हितोत्सु, फुतात्सु, मित्त्सु म्हणजे एक, दोन, तीन एवढं आलं की वस्तू, माणसं, प्राणी सगळं मोजता येतं." असा एक सल्ला आहे.

वस्तूंचं आधी, कारण तिथे यात अर्धं खरं आहे. समजा वाक्य आहे 'तीन सफरचंदं, पाण्याच्या दोन बाटल्या आणि बारा कोरोक्के द्या' (कोरोक्के म्हणजे तिकडचं बटाट्याचं कटलेट, खाटकाच्या दुकानातही मिळतं). सफरचंदाला 'रिंगो ओ मित्त्सु' एकदम बरोबर. पाण्याला फुतात्सु म्हटलंत तरी दुकानदार समजून घेईल, पण लांबट वस्तूला 'होन' लागतं म्हणून बाटल्या 'निहोन', हॉटेलात बसून 'मिझु फुतात्सु' म्हणालात तर दोन ग्लास येतील. आणि बाराला गाडी अडतेच, कारण ही त्सुवाली मोजणी दहाला, म्हणजे 'तोओ'ला संपते, पुढे 'को' लावून 'जूनिको' म्हणावं लागतं. मग पूर्ण वाक्य: रिंगो ओ मित्त्सु, मिझु ओ निहोन, कोरोक्के ओ जूनिको कुदासाइ. मराठीत आकडा आधी येतो म्हणून आपण तो जपानीतही आधी टाकतो, इथे मात्र वस्तू, मग कर्माला लागणारा 'ओ', मग आकडा, आणि आकड्यानंतर परत 'ओ' नाही.

माणसांना फुतात्सु? अजिबात नाही. कोणी विचारलं मुलं किती आणि तुम्ही 'फुतात्सु देस' म्हणालात तर ऐकणाऱ्याला वाटेल मूल दोन वर्षांचं आहे, कारण लहान मुलांचं वय असंच सांगतात :) माणसांना हितोरी, फुतारी, आणि तीनपासून 'निन': सान्निन, योनिन (योन्निन नाही हं, इथे भलेभले घसरतात). खरं तर हे मराठी माणसाला जड जाऊच नये, आपणही दोघं, तिघं, चौघं म्हणतो, ते काय खुर्च्यांना लावतो का? फक्त आपलं चौघांपर्यंत वेगळं जातं आणि त्यांचं दोघांपर्यंतच.

प्राण्यांना मांजर, कुत्रा, मासा असेल तर 'हिकी', गाय-घोड्यासारख्या मोठ्यांना 'तोओ' (दहावाला तोओ वेगळा, गल्लत नको), पक्ष्यांना 'वा'. लोक घाबरतात ते हिकीचा उच्चार बदलतो म्हणून, इप्पिकी, निहिकी, सानबिकी. पण बाटल्यांचं इप्पोन, निहोन, सानबोन शेजारी ठेवून बघा, एकच चाल आहे: एक, सहा, आठ, दहाला 'प', तीनला 'ब', बाकी 'ह' तसाच. म्हणजे बाटल्या मोजता आल्या की मांजरं फुकटात, सहा बाटल्या रोप्पोन तर सहा मांजरं रोप्पिकी.