सहाशे पानांचा हिशेब

रोज २० पानं, महिन्याची ६००, असं टार्गेट मी अ‍ॅपमध्ये सेट केलं तेव्हा वाटलेलं की यात अवघड काय आहे, वाचायचं आणि आकडा टाकायचा. वाचणं जमतं हो. आकडा टाकणं जमत नाही.

रात्री दहाला फोन टिणटिणतो, ‘आज किती पानं वाचलीत?’ २५ तारखेला माझी बेरीज चक्क ६४२ दाखवत होती, पाच दिवस राखून टार्गेट पार! मी घरभर फोन नाचवला. लेकीने तो हातात घेतला, एकदा वरून खाली बघितलं आणि म्हणाली, "आई, ११ ते १५ तारखेला तुझा आकडा रोज चढतोच कसा गं?"

बघते तर २२, ४१, ६३, ८०, १०४. त्या आठवड्यात मला सर्दी होती, गोळी घेऊन डोळे मिटत असताना मी पुस्तक उघडायचे, खूण जिथे असेल तो पान नंबर बघायचे आणि तोच ठोकून झोपायचे. म्हणजे १२ तारखेला टाकायला हवी होती ४१ वजा २२, म्हणजे १९ पानं, आणि मी टाकली अख्खी ४१. पाच दिवसांची बेरीज ३१० झाली आणि वाचून झालेली पानं फक्त १०४. "अगं, पहिल्या पानापासून सुरू केलंस ना, मग शेवटचा नंबर हीच बेरीज, तेवढं तरी ताडून बघायचंस," हे मला आठवीतली मुलगी सांगतेय, जिची वजाबाकी मी घोटून घेतली होती.

फुगवलेली २०६ वजा केली, उरली ४३६. आता पाच दिवसांत १६४, म्हणजे रोज जवळजवळ ३३ पानं. मॅच हातातून गेल्यावर रन रेट बघतात तसं झालं. मग काय, नजर बदलली. संवाद जास्त असलेलं पुस्तक आवडायला लागलं, प्रकरण संपल्यावरचं कोरं पान दिसलं की जीव हरखायचा (तेही मोजलं, नंबर होता त्याच्यावर). ई-बुकचा फॉन्ट मोठा करून पानं वाढवायचा मोहही झाला, पण लेक मागे उभी होती.

३० तारखेला रात्री साडेअकराला बेरीज ५८८. बारा पानं कमी आणि नवं पुस्तक उघडायची ताकद नाही. तेवढ्यात आठवलं, सर्दीत सुरू करून नंतर संपवलेल्या त्या कादंबरीची प्रस्तावना मी वगळली होती. तिची पानं वेगळी, अक्षरी नंबरची, एक ते बारा, त्यामुळे माझ्या हिशेबात ती कधी आलीच नव्हती. बरोब्बर बारा! अधाशासारखी वाचायला घेतली.

‘सात’ नंबरच्या पानावर कळलं, की हा कादंबरीचा दुसरा भाग आहे.