लघवीची जळजळ आणि मेडिकलमधून आणलेली पट्टी

ग्रुपवर फिरणारा मेसेज असा आहे: "बायकांनो, लघवीला जळजळ सुरू झाली की डॉक्टरकडे धावू नका. मेडिकलमधून नॉरफ्लॉक्सासिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन आणा आणि दोन-तीन दिवस घ्या. जळजळ म्हणजे इन्फेक्शनच, तपासणीवर पैसे कशाला घालवायचे? बरं वाटलं की बंद करा, उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळी कामी येतात."

औषधाची निवड

या दोन्ही गोळ्या क्विनोलोन गटातल्या. एके काळी त्या मूत्रमार्गाच्या संसर्गावर सर्रास दिल्या जात आणि उपयोगही व्हायचा. हा संसर्ग बहुतेक वेळा ई. कोलाय या आतड्यात राहणाऱ्या जिवाणूमुळे होतो. आज भारतातल्या मोठ्या रुग्णालयांमध्ये लघवीतून वाढवलेल्या ई. कोलायपैकी निम्म्याहून अधिक सिप्रोफ्लॉक्सासिनला दाद देत नाहीत. मोठ्या रुग्णालयात अवघड रुग्ण जास्त येतात, त्यामुळे गावातल्या दवाखान्यातलं चित्र थोडं बरं असू शकतं. तरीही डोळे झाकून पहिली गोळी म्हणून घ्यावी इतका भरवसा या औषधाचा उरलेला नाही.

दुसरी अडचण दुष्परिणामांची. स्नायुबंध दुखावणं किंवा तुटणं, हातापायांच्या नसांना इजा होणं, मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर एकदम उतरणं असे त्रास या गटाने होऊ शकतात. त्यामुळेच अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१६ मध्ये सांगितलं, की मूत्राशयाच्या साध्या संसर्गाला दुसरा पर्याय असेल तर क्विनोलोन देऊ नये.

पर्याय आहेत. गरोदर नसलेल्या, ताप किंवा कंबरदुखी नसलेल्या, एरवी निरोगी बाईला डॉक्टर सहसा नायट्रोफ्युरँटॉइन देतात: १०० मिलिग्रॅमची सावकाश विरघळणारी गोळी, दिवसातून दोनदा, जेवणासोबत, ५ दिवस. नाहीतर फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची एकच पुडी पाण्यात विरघळवून. नायट्रोफ्युरँटॉइनचा मोठा गुण असा, की ते रक्तात फारसं साठत नाही, थेट लघवीत उतरतं आणि आतड्यातल्या जिवाणूंना कमी डिवचतं. क्विनोलोन मात्र आतड्यातल्या ई. कोलायवरही घाव घालतं. त्यातून वाचतात ते दाद न देणारे जिवाणू, आणि पुढच्या संसर्गाला तेच मूत्रमार्गात शिरतात. पहिल्या वेळी दोन दिवसांत बरं वाटतं आणि चौथ्या वेळी तीच गोळी निकामी ठरते, त्याचं एक मोठं कारण हे आहे.

म्हणून आता दुकानातून नायट्रोफ्युरँटॉइन आणावं, असं मात्र करू नका. मूत्रपिंडाचं काम बरंच कमी झालं असेल किंवा गरोदरपणाचे शेवटचे आठवडे असतील तर ते चालत नाही. शिवाय ते मूत्रपिंडाच्या मांसात पुरेसं पोहोचत नाही. थंडी वाजून ताप, पाठीच्या एका बाजूला दुखणं, उलट्या अशी लक्षणं असतील तर संसर्ग वर चढलेला असू शकतो. अशा वेळी ही गोळी पुरणार नाही, दवाखाना गाठायला हवा.

जळजळीचं कारण

लघवी करताना आग होते, पण सारखी लागत नाही, आणि सोबत खाज आणि दह्यासारखा पांढरा स्राव आहे, तर बहुधा ती योनीमार्गातली बुरशी असते. अँटिबायोटिकने ती वाढते. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी चालू असेल तर लघवीतून साखर जाते आणि बुरशीला आयतं खाद्य मिळतं. अशा बाईने सिप्रोफ्लॉक्सासिन घेतलं तर त्रास वाढेल, आणि सोबत ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची दुसरी गोळी असेल तर साखर उतरण्याचा धोकाही. पाळी गेल्यानंतर योनीची त्वचा पातळ आणि कोरडी होते, तेव्हाही अशीच आग होते. तिथे उपाय वेगळा आहे.

आणखी एक शक्यता आपल्या देशात विसरून चालणार नाही. चाळिशीतली एक बाई डोळ्यांपुढे आणा. वर्षभरात तिला चारदा जळजळ झाली, चारही वेळा तिने मेडिकलमधून सिप्रोफ्लॉक्सासिन आणलं. दरवेळी थोडं बरं वाटलं, पूर्ण कधीच नाही. आता रात्री पाच-सहा वेळा उठावं लागतं, वजनही उतरलंय. लघवीत पू-पेशी भरपूर, पण कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतला जंतू लॅबमध्ये वाढवून पाहायच्या तपासणीत, काहीच वाढत नाही. गोळी घेतली होती म्हणून वाढलं नसेल, असं म्हणून सगळे पुढे जातात. पण वारंवार पू-पेशी आणि कोरं कल्चर ही मूत्रमार्गाच्या क्षयाची खूण असू शकते, कारण साध्या कल्चरमध्ये क्षयाचा जंतू वाढत नाही. त्यासाठी पहाटेची पहिली लघवी, शक्यतो तीन दिवसांची, वेगळ्या तपासणीला पाठवावी लागते.

क्विनोलोनचा घोटाळा इथेच होतो. या गटातली काही औषधं क्षयाच्या जंतूवरही थोडंफार काम करतात. लिव्होफ्लॉक्सासिन तर औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाच्या उपचारात वापरतात. म्हणून लक्षणं दबतात, निदान लांबतं, आणि तोवर मूत्राशय आकसत जातं, मूत्रवाहिनी अरुंद होऊन मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. प्रत्येक जळजळ क्षयाची नसते, फार थोड्यांची असते. पण ती ओळखायची तर तपासणीच लागते.

तपासणीचा खर्च

निरोगी तरुण बाईला पहिल्यांदाच, नेहमीसारखी लक्षणं घेऊन त्रास झाला, तर कल्चर दरवेळी लागत नाही; लक्षणं विचारूनही डॉक्टर औषध देऊ शकतात. इथे मेसेज थोडा बरोबर आहे. पण सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा त्रास झाला, उपचारानंतरही लक्षणं राहिली, किंवा बाई गरोदर असेल, तर कल्चर हवंच. नमुना गोळीच्या पहिल्या डोसआधी द्यायचा: सुरुवातीची धार सोडून मधली लघवी निर्जंतुक डबीत घ्यायची आणि लवकर लॅबला पोहोचवायची. आधीच एखादी गोळी पोटात गेली असेल तर जंतू असूनही तो वाढत नाही असं होऊ शकतं, आणि मग कोणतं औषध लागू पडेल हेच कळत नाही.

उरलेल्या गोळ्या

जळजळ थांबली म्हणजे जंतू गेला असं नाही. काही बायकांचा त्रास औषधाविनाही कमी होतो, आणि श्रेय दोन गोळ्यांना जातं. ठरलेला कोर्स छोटाच असतो, तो पूर्ण घ्यायचा. घरात पट्टी उरलीच, तर ती पुढच्या वेळी घेऊ नये, बहिणीला किंवा जावेलाही देऊ नये.

वारंवार त्रास होणाऱ्या बाईला दरवेळी दवाखान्यात धावणं जड जातं, हे मी रोज पाहते. त्यांच्यासाठी रीतसर मार्ग आहे. आधीच्या कल्चरवरून डॉक्टरच औषध आणि डोस लिहून ठेवतात, लक्षणं आली की आधी नमुना द्यायचा आणि मग गोळी सुरू करायची. ४८ तासांत फरक पडला नाही, किंवा ताप आला, तर लगेच दाखवायचं. पाणी कमी पिणाऱ्या बाईला रोज सुमारे दीड लिटर जास्त पाण्याने त्रासाच्या खेपा कमी होतात, आणि पाळी गेलेल्या बाईला योनीत लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमचा उपयोग होतो. पुढच्या भेटीत या तिन्हींबद्दल डॉक्टरांना विचारा, आणि जाताना आतापर्यंत कोणत्या गोळ्या घेतल्या त्यांच्या पट्ट्या किंवा नावं सोबत न्या.